राहूकाळाआधीचा बॅकअप

संचिता म्हसकरचं काम सांगायला सोपं आणि करायला डोकेदुखीचं होतं. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कंपनीनं ‘थरावर थर’ नावाचा मोबाईलवरचा खेळ काढला होता. त्यात खेळाडू पथकं करून दहीहंडीचे थर लावायचे. खेळात काही बिघडलं की खेळाडू संचिताला शिव्या घालायचे आणि खेळाडू शिव्या घालतात म्हणून कंपनी संचिताला बोलायची. डोंबिवलीहून रोज सकाळी ती यायची ती ह्या दोघांच्या मध्ये बसायला. खेळातली प्रत्येक सूचना तीच लिहायची आणि खाली सही असायची: संचिता, खेळाडू मदत.

ह्या वेळची सूचना साधी होती. पहिला हंगाम गुरुवारी संपणार होता. ‘दुपारी दोन वाजता देखभालीसाठी सर्व्हर बंद होईल. चारला नव्या हंगामासह सुरू होईल. दोनपर्यंत लावलेला प्रत्येक थर मोजला जाईल, निर्धास्त खेळा.’ हे ‘निर्धास्त’ तिनं स्वतःच्या डोक्यानं घातलं होतं. त्या एका शब्दापायी पुढचा आठवडाभर तिला धड जेवण गेलं नाही.

हंगामाच्या शेवटाला महत्त्व होतं, कारण टेंभी नाक्याजवळच्या एका मंडळानं दहीहंडीच्या दिवशी खेळातल्या क्रमवारीच्या यादीतल्या पहिल्या दहा पथकांना स्टेजवर बोलवायचं कबूल केलं होतं. पैसे नव्हते, ढाल नव्हती. लाऊडस्पीकरवरून पथकाचं नाव घेणार आणि माणसं वर जाऊन उभी राहणार, एवढंच. पण ठाण्यात त्या नाक्यावर दहीहंडीला नाव पुकारलं जाणं म्हणजे काय, हे ठाण्याबाहेरच्या माणसाला समजावण्यात अर्थ नाही.

बुधवारी संध्याकाळी कळव्याहून मालूताईंचा फोन आला होता. मालूताई मासळी विकायच्या. बाजारातल्या आणि गावातल्या बायका गोळा करून त्यांनी खाडीकाठ महिला पथक बांधलं होतं, आणि हे पथक यादीत चौदावं होतं.

“उद्या दोनपर्यंत नक्की ना गो?” मालूताईंनी विचारलं.

“नक्की. दोनला एक मिनिट कमी असेल तरी मोजणार.”

“तसं नाय. आमाला सगल्यांना एकदम बसावं लागतं. एक जरी नसली तरी थर लागत नाय. उद्या गुरुवार, गिऱ्हाईक कमी. दीडला पाट्या झाकतो नि बसतो. पन मग फुकट नको जायाला.”

“मालूताई, मी लिहिलंय ना? माझी सही आहे त्याच्यावर.”

मालूताई हसल्या होत्या. त्यांचा भाऊ तरुणपणी गावच्या पथकात वरच्या थराला चढायचा आणि मालूताई बाकीच्या मुलींबरोबर बादलीनं पाणी मारायच्या. “तवा चढायला कोन देत नव्हता, आता गुडघे देत नाय,” असं त्या सांगायच्या. फोनवरच्या थराला गुडघे लागत नव्हते.

गुरुवारी दोनला पाच कमी असताना संचिता स्क्रीनसमोर बसून यादी पाहत होती. खाडीकाठ महिला पथक बारावं झालं. मग अकरावं. आणि सर्व्हरचं दार बंद व्हायच्या अगदी तोंडावर त्यांचा नववा थर लागला, हंडी फुटली आणि नाव दहाव्या जागेवर येऊन बसलं. शहाडचं एक पथक दहावरून अकरावर घसरलं. संचिता एकटीच खुर्चीत उडाली. मग दोन वाजले, दार बंद झालं आणि यादी गोठली.

इथपर्यंत सगळं छान होतं.

चारला खेळ सुरू झाला तेव्हा डोंबिवलीतल्या पोरांना आपलं नाव कल्याणच्या पथकात दिसायला लागलं. कल्याणच्यांना आपलं पथकच सापडेना. कुणाचे थर दुप्पट झाले, कुणाचे शून्य. संचिताच्या फोनवर निरोपांचा असा भडिमार सुरू झाला की फोन टेबलावर सरकत सरकत कडेला गेला. तिनं तो उलटा ठेवला, परत सुलटा केला, उठली, पाणी प्यायली आणि पाणी प्यायल्याचं विसरून परत कूलरकडे गेली.

“मुकुल, काय झालंय ते एका वाक्यात सांग,” ती म्हणाली.

मुकुल कंपनीचा सर्व्हर सांभाळायचा. त्याचा चेहरा पडला होता. “नव्या हंगामासाठी खेळाडूंची माहिती नव्या रचनेत हलवत होतो. मधेच डिस्क भरली. अर्धे खेळाडू नव्या रचनेत गेले, अर्धे जुन्यात राहिले. मी वरवर तपासलं, ठीक वाटलं, म्हणून उघडलं. चूक झाली. आता परत बंद करून बॅकअपवरून मागे जावं लागणार.”

“म्हणजे दोन वाजता जे होतं ते परत येणार?”

मुकुलनं मागे, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. संचितानंही पाहिलं.

गुरुवार. राहूकाळ दीड ते तीन.

सर्वेश सर, कंपनीचे मालक, इंजिनिअर होते. परदेशात नोकरी करून आले होते आणि कुठलंही नवं काम राहूकाळात सुरू करत नव्हते. ह्यात त्यांना काही विसंगत वाटायचं नाही आणि इतक्या दिवसांत ऑफिसातही कुणाला वाटेनासं झालं होतं. दोनचं काम राहूकाळात येतंय हे सकाळी ध्यानात आल्यावर त्यांनी तोड काढली होती. दीडच्या आधी काम ‘सुरू’ करायचं. म्हणजे दीडच्या आधी नारळ फोडायचा आणि अपडेटची पहिली पायरी उरकायची. पहिली पायरी म्हणजे बॅकअप. नारळ फुटला, मुकुलनं बॅकअप घेतला, सगळ्यांनी खोबरं खाल्लं. संचितानंही खाल्लं. आधी दार बंद करायचं आणि मग बॅकअप घ्यायचा, हे शाळेतल्या पोराला कळेल. पण खोबरं खाताना कुणाला आठवलं नाही.

“म्हणजे दीड ते दोनचं सगळं गेलं,” संचिता म्हणाली.

“हो.”

“पण सर्व्हर प्रत्येक बदल लिहून ठेवतो ना? तू मागे म्हणालेलास. बॅकअपवर ते बदल परत चढवले की हव्या त्या मिनिटाला पोचता येतं.”

“येतं.” मुकुलनं डोळे चोळले. “डिस्क भरली तेव्हा मी तेच लॉग उडवले. जागा करायला. वाटलं, बॅकअप आहे ना.”

“आणि आता सर्व्हरवर जे आहे त्यातून?”

“ती खिचडी झाली आहे. त्यातलं काय खरं, काय नाही, मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.”

सर्व्हर परत बंद झाला. मुकुलनं बॅकअप चढवायला घेतला आणि यादी परत आली तेव्हा खाडीकाठ महिला पथक चौदावं होतं. दहाव्या जागेवर शहाडचं पथक असं बसलं होतं, जणू मधल्या वेळात कुणी त्याला हलवलंच नव्हतं. संचिता त्या चौदा आकड्याकडे पाहत राहिली. तिला एकदम राग आला, सरांचा, मुकुलचा आणि सगळ्यात जास्त त्या ‘निर्धास्त’चा.

सर्वेश सरांनी तोवर सूचनेचा मसुदा स्वतः करून आणला होता. ‘काही तांत्रिक अडचणींमुळे सर्व्हर पूर्वस्थितीत आणण्यात येत आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’

“ह्यात काय गेलं ते लिहिलंच नाही,” संचिता म्हणाली.

“ज्याचं गेलं त्याला कळेल. उगाच सगळ्यांना का सांगायचं? अर्धा तास गेला असं लिहिलंस तर शंभर पथकं उठतील, आम्हीच दहावे होतो म्हणून. खरे-खोटे कसे ओळखशील?”

“मी पाहिलंय, सर. कळव्याच्या बायका दहाव्या होत्या. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.”

“तुझे डोळे म्हणजे पुरावा नाही गं. उद्या शहाडवाले म्हणतील, ही त्यांच्या ओळखीची आहे. आहेसच ना?”

होती. संचिता खिडकीशी गेली, परत आली. खाली टेम्पोवाले एकमेकांवर हॉर्न वाजवत होते. कळव्यात ह्या वेळी मालूताई पाट्या धुऊन घरी निघाल्या असतील, कुणाकुणाला सांगत असतील की टेंभी नाक्यावर जायचंय, कुठली साडी नेसायची. हा विचार आल्यावर तिला बसवेना.

“ठीक आहे,” ती म्हणाली. “हे जाऊ दे असंच. फक्त सही माझी नको. तुमची करा.”

“माझी? माझी कधी असते?”

“म्हणूनच. मी लोकांना सांगितलं की दोनपर्यंतचं मोजणार. आता मीच त्यांच्या तोंडाला पानं पुसायची आणि खाली माझंच नाव टाकायचं, हे मला जमणार नाही. तुम्ही टाका, मी लगेच लावते.”

सर्वेश सर वाईट माणूस नव्हते. ते घाबरले होते. मंडळ काय म्हणेल, पुढच्या हंगामाला आपल्याला कोण उभं करेल. त्यांनी मसुदा पुन्हा वाचला, खाली स्वतःचं नाव मनातल्या मनात घालून पाहिलं असावं आणि ते त्यांना काही पचलं नाही.

“काय लिहिणार आहेस?”

“जे झालं ते.”

“राहूकाळ नको लिहूस. हसतील.”

“मग बॅकअप दीडला का घेतला ह्याचं कारण काय लिहू? तुम्ही सांगा.”

मुकुलनं कीबोर्ड बडवणं थांबवलं होतं. शेवटी सर म्हणाले, “लिही. माझ्यामुळे असं लिही. मुकुलचं नाव नको.” आणि ते केबिनमध्ये जाऊन दार लावून बसले.

संचितानं एका दमात लिहिलं, कारण थांबली असती तर गुळगुळीत केलं असतं.

‘आजचा अपडेट फसला. त्यामुळे खेळाडूंची माहिती एकमेकांत मिसळली. ती सोडवण्यासाठी आम्ही सर्व्हर बंद करून जुन्या बॅकअपवर परत नेत आहोत. रात्री आठपर्यंत खेळ सुरू होईल. ॲप काढू नका, पुन्हा टाकू नका, तुम्हाला काही करायचं नाही. चारनंतर खेळलेलं सगळं पुसलं जाईल. खेळातल्या दुकानात जे विकत घेतलं त्याच्या पावत्या आमच्याकडे आहेत, ते परत मिळेल.

आता वाईट गोष्ट. बॅकअप दोनला, दार बंद झाल्यावर घ्यायला हवा होता. तो दीडला घेतला, कारण दीडला राहूकाळ लागत होता आणि मालकांना काम त्याआधी सुरू करायचं होतं. त्यामुळे दीड ते दोनमध्ये तुम्ही लावलेले थर गेले. ते परत आणता येत नाहीत, आम्ही प्रयत्न केला. दोनपर्यंतचं मोजलं जाईल असं मी तुम्हाला सांगितलं होतं. ते खोटं ठरलं. कोण कुठे होतं हे आम्ही आता ठरवू शकत नाही, म्हणून शेवटचा अर्धा तास सगळ्यांना परत देत आहोत. सगळे दीडला होते तिथूनच सुरू करतील. रविवारी सकाळी दहा ते साडेदहा. संचिता, खेळाडू मदत.’

अर्धा तास परत द्यायला तिनं केबिनच्या दारातूनच होकार घेतला होता आणि रविवार सरांनीच सुचवला होता. शाळा-ऑफिसं बंद, सगळे घरी. संचिताला त्यात काही वावगं दिसलं नाही. तिनं सूचना लावली आणि खुर्चीत मागे टेकली. लोक हसले, शिव्या दिल्या, राहूकाळावर चित्रं काढून पाठवली. पण त्यातले बरेच जण असंही म्हणाले की निदान काय झालं ते कळलं. तिचा जीव जरा भांड्यात पडतोय तोच फोन वाजला. मालूताई.

“वाचलं गो,” मालूताई म्हणाल्या. “सगल्यांना वाचून दाखवलं. राहूकालाचं ऐकून बाया लय हसल्या. होडी सोडताना भरती बगायची का पंचांग?”

“मालूताई, मला खरंच फार वाईट वाटतंय. पण रविवारी परत मिळणार तुम्हाला.”

पलीकडे थोडा वेळ मासळी बाजारासारखी शांतता होती, म्हणजे मागे चारपाच बायका एकदम बोलत होत्या आणि मालूताई गप्प होत्या.

“रविवारी सकाली दहाला?” त्या म्हणाल्या. “रविवारी सकाली दहाला आमी कुठं असतो, तुला ठाऊक नाय?”

संचितानं डोळे मिटले. रविवारी सकाळी अर्धं ठाणं पिशवी घेऊन त्यांच्यासमोर उभं असतं. डोंबिवलीहून तिचे स्वतःचे बाबाही रविवारी सकाळीच सुरमई आणायला बाहेर पडतात. इतकं खरं खरं लिहून तिनं पुन्हा त्यांनाच बाहेर ठेवलं होतं, आणि ह्या वेळी राहूकाळ नव्हता, फक्त तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

“ऱ्हाऊ दे,” मालूताई म्हणाल्या. “आमच्यासाटी सगल्यांचं कशाला बदलतेस. आमी बगितला आमचा नववा थर.”

हे ‘ऱ्हाऊ दे’ तिला शिव्यांपेक्षा लागलं. शिव्या देणारा माणूस अजून काहीतरी मागत असतो. रात्रभर कूस बदलत तिनं काढली आणि सकाळी ऑफिसात शिरताच पिशवी खाली न ठेवता सरांच्या केबिनमध्ये गेली.

“रविवार बदलायचा. गुरुवार करायचा, दीड ते दोन. जेव्हा अर्धा तास गेला तेव्हाचाच परत द्यायचा. जो तेव्हा खेळू शकत होता तो आताही खेळू शकेल. ह्याहून सरळ दुसरं काही नाही.”

“गुरुवारी दीडला…” सरांनी कॅलेंडरकडे पाहिलंही नाही. त्यांना पाठ होतं. मग ते कसनुसं हसले. “कर. पण एकच. बॅकअप दार बंद झाल्यावर.”

“ते मी मॉनिटरवर चिकटवून ठेवलंय,” बाहेरून मुकुल म्हणाला.

तिसरी सूचना गेली. रविवारवाले भडकले, शाळकरी पोरांच्या आयांनीही दोन शब्द सुनावले. संचितानं प्रत्येकाला तेच उत्तर दिलं आणि न चिडता दिलं. बाकी आठवडाभर मात्र तिचा पाय जमिनीवर ठरला नाही. घरी आईनं विचारलं, तुझं लग्नबिग्न ठरलंय का कुठे, अशी का करतेस. तिला सांगता येईना की कळव्यातल्या काही बायकांनी फोनवर हंडी फोडावी म्हणून आपल्याला घास उतरत नाही.

गुरुवारी ती ऑफिसात बसूच शकली नाही. “जा,” सर म्हणाले, “पण कुणाच्या फोनला हात लावू नकोस.” दीडच्या आधी ती कळव्याच्या बाजारात पोचली. पाट्या ओल्या गोणपाटानं झाकलेल्या होत्या. ओट्यावर दाटीवाटीनं बायका बसल्या होत्या, हात पुसून पुसून कोरडे केलेले, फोन प्लास्टिकच्या पिशव्यांतून बाहेर काढलेले. मालूताईंनी तिला मानेनंच बस म्हणून सांगितलं.

दार उघडलं. चौदावं पथक तेरावं झालं, मग बारावं. बोटं ठरल्या तालात पडत होती. एकीचं बोट चुकलं की खालचा थर हलायचा आणि सगळ्या एकदम श्वास रोखायच्या. दोनला थोडा वेळ उरला असताना त्या अकराव्या होत्या आणि आठवा थर लागला होता. शहाडवाले एका हंडीनं पुढे. आता फक्त नववा, आणि नवव्यावर मालूताई.

संचितानं पदराचं टोक नव्हतं म्हणून ओढणीचं टोक मुठीत धरलं. मालूताईंचा अंगठा वर गेला. जरा आधी पडला. अगदी जरासाच. स्क्रीनवर सगळ्यात वरची बाई डोलली आणि थर खालपर्यंत उतरत गेले. परत लावायला वेळ नव्हता. दोन वाजले आणि यादी गोठली. खाडीकाठ महिला पथक अकरावं.

संचिताच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते लपवलं नाही. “मालूताई, त्या दिवशी तुम्ही लावला होता. मी पाहिला होता. माझ्यामुळे…”

“गप गो,” मालूताई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांनी आपल्याच अंगठ्याकडे पाहिलं. “त्या दिवशी तुमी आमाला पाडलं. ते आठवडाभर घशाखाली उतरलं नाय. आज माजी मी पडले, सगल्यांच्या डोल्यांदेखत. हे उतरल.”

त्या उठल्या आणि पाटीवरचं गोणपाट बाजूला करून उरलेल्या मासळीवर पाणी मारायला लागल्या.